विकतची भेट

चूक माझी होती, आणि ती अज्ञानातून झालेली नव्हती. एका बाईंच्या हस्तलिखितातलं एक वाक्य मी तीस माणसांसमोर वाचलं आणि सगळ्यांना हसवलं. वाक्य वाचलं होतं. त्याच्या आधीची पानं वाचली नव्हती. त्या बाई त्या तिसांत बसल्या होत्या हे मला ठाऊक नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तेही पुरतं खरं नाही. त्यांना बोलावणारं पत्र माझ्याच अक्षरातलं होतं.

मी पुण्यात एका लहानशा प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. कार्यालय पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली स्टेशनरीचं दुकान, वर आम्ही तिघं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करतो आहे. हातात पेन्सिल असते, शाई नसते. लेखकाला खोडता यावं म्हणून. ही नम्रता मला माझ्या आधीच्या संपादकांनी शिकवली. त्यांनीच आणखी एक गोष्ट हवाली केली: तपकिरी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही. तिला आम्ही नमुन्यांची वही म्हणतो. हस्तलिखितात एखादं गमतीदार वाक्य सापडलं की ते या वहीत उतरवायचं. लेखकाचं नाव लिहायचं नाही, फक्त पानाचा आकडा. "नाव लिहिलं की ती टिंगल होते," ते म्हणायचे, "नाव नसलं की तो अभ्यास."

मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या वरच्या खोलीत नवलेखकांसाठी बैठक असते. वर्षभरात ज्यांनी ज्यांनी हस्तलिखित पाठवलं, त्या सगळ्यांना निमंत्रणाचं पत्र जातं. सतरंज्या, मागे दहाबारा खुर्च्या, मध्ये चहा. एकेका बैठकीत मी एकेक दोष घ्यायचो. त्या शनिवारी पुनरुक्तीची पाळी होती.

हा माझा आवडता विषय होता. आधी मी स्पष्ट करायचो की शब्द दोनदा आला म्हणजे दोष होत नाही. हळूहळू, घरदार, कामधंदा ही भाषेची स्वतःची चाल आहे, तिला हात लावू नका. दोष तो, जिथे एका शब्दाच्या पोटात असलेलंच दुसरा शब्द पुन्हा सांगतो. पुन्हा परत. आगाऊ पूर्वसूचना. गाईचं गोमूत्र. मग मी दोन कसोट्या द्यायचो. पहिली, अंगठ्याची: एका शब्दावर अंगठा ठेवा आणि वाक्य वाचा. काही हरवलं का? नाही ना, मग तो शब्द काढा. दुसरी, उलट शब्दाची: विशेषणाच्या जागी त्याच्या उलट शब्द ठेवून बघा. तशी वस्तू जगात असते का? नसेल तर विशेषण बिनकामाचं.

"दुःखद निधन," मी म्हणालो. "सुखद निधन असतं का?"

"काही घरांत असतं," खिडकीजवळच्या एका आजोबांनी शांतपणे सांगितलं. ते निवृत्त पोस्टमास्तर. खोली हसली. मीही हसलो. बैठक चांगली चालली होती.

मग एका मुलीने विचारलं, "पण सर, दोन शब्दांनी जोर येतो ना?"

"येत नाही. जोराची वाटणी होते," मी म्हणालो. "वाचक दुसऱ्या शब्दापाशी थांबतो, काहीतरी नवं मिळेल म्हणून. मिळत नाही. एकदा फसतो, दोनदा फसतो. तिसऱ्यांदा तो शब्दांवरून नुसती नजर फिरवायला लागतो, आणि जिथे तुम्ही खरंच काही सांगितलंय तिथेही त्याची नजर तशीच घसरते. एक पोकळ शब्द शेजारच्या भरलेल्या शब्दाचीही पत घालवतो."

हे मी आजही तसंच म्हणेन. त्यातलं काही चुकीचं नव्हतं. म्हणून तर पुढचं जास्त टोचतं.

मी वही उघडली. शेवटच्या नोंदींपैकी एक वाचली. "आईला आयुष्यात मिळालेली ती एकमेव मोफत भेट होती." थांबलो. खोलीकडे पाहिलं. "आता सांगा. भेट ही मोफतच असते. विकतची भेट कुठे मिळते?"

हसू सुरू झालं होतं, तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून एका बाईंचा आवाज आला.

"मिळते."

आवाज मोठा नव्हता. वर्गात उत्तर द्यावं तसा होता. साठीपलीकडच्या बाई, खळ केलेली सुती साडी, मांडीवर पर्स. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. मी खोलीकडे पाहिलं, खोली माझ्याकडे बघत होती, आणि पुण्यात वाढलेल्या माणसाच्या जिभेवर अशा वेळी जे येतं ते आलं.

"असं का? मग पत्ता देऊन ठेवा, आम्हीही दोनचार घेऊन ठेवू. लग्नसराई जवळ आलीय."

आधीपेक्षा दुप्पट हसले. मी पुढच्या नोंदीकडे वळलो. चहाच्या वेळी त्या खोलीत नव्हत्या, हेही मला नंतर आठवलं. त्या वेळी लक्षात आलं नव्हतं.

आठ दिवसांनी कार्यालयात एक पत्र आलं. दोन ओळींचं. "माझं हस्तलिखित परत पाठवावं ही विनंती. छापण्याचा विचार बदलला आहे." खाली सही, आणि खडकीचा पत्ता.

आमच्याकडे हस्तलिखित परत करायची एक रीत आहे. पानं मोजायची, आकडा नोंदवहीत लिहायचा, मग पुडकं बांधायचं. हे काम मीच करतो, कारण सोळा वर्षांपूर्वी एकदा एका लेखकाची तीन पानं हरवली होती. त्या संध्याकाळी मी पानं मोजायला बसलो. सुवाच्य अक्षर, ओळी सरळ, समास सोडलेला. बाई एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत तेहतीस वर्षं कारकून होत्या, आणि पुस्तक त्यांच्या आईविषयी होतं. पहिली पंधरा पानं मी वाचलेली होती, माझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. "सकाळी पहाटे लवकर उठून" याखाली रेघ. "पुन्हा परत माघारी आली" याखाली दोन रेघा. सोळाव्या पानापासून पुढे खुणा नव्हत्या. शेहेचाळिसाव्या पानावर एकच होती, आणि समासात माझ्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: वही.

म्हणजे मी सोळापासून शेहेचाळीसपर्यंत पानं चाळली होती. नुसती नजर फिरवत गेलो होतो. सुरुवातीच्या पोकळ शब्दांनी माझं तेच केलं होतं जे मी बैठकीत सांगायचो. फरक एवढाच, की वाचक कंटाळला तर पुस्तक मिटतो; मला न कंटाळण्याचा पगार मिळतो.

मी मोजणं थांबवलं आणि चव्वेचाळिसाव्या पानापासून वाचलं.

त्यांची आई छावणीतल्या एका बंगल्यात कामाला होती. धुणं, भांडी, झाडलोट. बंगल्यातल्या बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, असं लेखिकेने सुरुवातीलाच लिहिलं होतं. दिवाळीला त्या साडी द्यायच्या आणि म्हणायच्या, ही तुला भेट. साडी आली की पुढचे चार रविवार जायचे. माळा झाडायला ये, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकायला ये, एवढी साडी दिली तुला. मुलीला स्वेटर मिळाला त्या वर्षी मेमधल्या सगळ्या दुपारी कैऱ्या चिरण्यात गेल्या. ओढून नेलं नाही कुणी, आईही कधी नाही म्हणाली नाही. पण घरात "भेट" या शब्दाचा अर्थ हळूहळू ठरून गेला. काही मिळालं असं मुलीने सांगितलं की आई विचारायची, "कितीची भेट?" म्हणजे किती रविवारांची.

मग एकदा आई वाण्याकडून चहाचा पुडा घेऊन आली. पुड्याला चिकटपट्टीने स्टीलचा चमचा लावलेला होता. आईला वाचता येत नव्हतं. मुलगी चौथीत होती. तिने पुड्यावरची अक्षरं वाचली: मोफत भेट.

"भेट?" आई म्हणाली. "कितीची?"

"मोफत. म्हणजे फुकट."

"मग यांचं काम कधी करायचं?"

"करायचंच नाही काही."

आईला ते पटलं नाही. चमचा महिनाभर फळीवर वापराविना पडून राहिला, कुणी मागायला आलं तर देता यावा म्हणून. कुणी आलं नाही. तेव्हा एके सकाळी आईने तो धुतला आणि स्वतःच्या चहात फिरवला. त्यानंतर ते वाक्य होतं. आईला आयुष्यात मिळालेली ती एकमेव मोफत भेट होती.

मी अंगठा ठेवून पाहिला. सवयीने. "मोफत" झाकलं तर वाक्य खोटं पडत होतं. आईला भेटी खूप मिळाल्या होत्या, दर दिवाळीला एक. आणि दुसरी कसोटीही वाक्याच्याच बाजूने होती. उलट वस्तू जगात असते का, असं मी तीस जणांना विचारलं होतं. ज्या एका व्यक्तीला ठाऊक होतं तिने सांगितलं होतं, असते. कसोटी बरोबर होती. मी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली नव्हती.

वहीत वाक्य एकटं येतं. शेजारपाजार मागे राहतो. इतक्या वर्षांत मी त्या वहीत किती वाक्यं अशी एकटी आणून बसवली असतील, या विचाराने मी तिची आधीची पानं उलटू लागलो, आणि दहाबारा नोंदींनंतर थांबलो. पानाचे आकडे होते. नावं नव्हती. आता कुणाला विचारणार? ज्याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो त्यानेच परतीची वाट बुजवली होती.

त्या हसण्यात आणखीही काहीतरी होतं आणि ते लिहायला मला वेळ लागतो आहे. वाक्य वहीत उतरवताना मी त्याच्या अक्षरावरून, पत्त्यावरून, आईच्या कामावरून लेखिकेबद्दल एक अंदाज बांधलेला होता. माझ्या घरी लहानपणी भाषेचा शुद्धपणा देवघराइतकाच जपला जायचा, आणि अशा घरात वाढलेल्या माणसाला कोण चुकणार आहे हे आधीच माहीत असतं. हाच मजकूर एखाद्या प्राध्यापकाच्या हस्तलिखितात असता, तर मी दोन पानं मागे गेलो असतो. मला वाटतं, गेलो असतो.

पानं पुरी मोजली, एकशे अठरा. पुडकं बांधलं. आत एक चिठ्ठी ठेवावी म्हणून कागद घेतला आणि "आपले हस्तलिखित सोबत परत पाठवीत आहे" एवढंच लिहिलं. सोबत पाठवीत आहे म्हटल्यावर परत पाठवीत आहे हे कळतंच. मी तेवढ्यातही "परत" वर अंगठा ठेवला. माणसाची सवय किती निर्लज्ज असते.

त्यानंतर सात महिने मी काही केलं नाही.

मी एकटा राहतो. पत्नीला जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी खराडीला नोकरी करते, तिथेच दोन मैत्रिणींबरोबर राहते. पुण्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. पूर्वी ती रविवारी फोन करायची, आता मेसेज करते. मेसेजमध्ये शब्द फार नसतात. याचं कारण मला माहीत आहे. एकदा ती फोनवर सांगत होती, "बाबा, मला पुन्हा परत त्याच टीममध्ये टाकलंय," आणि मी म्हणालो होतो, "पुन्हा किंवा परत. दोन्ही कशाला?" मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकत नाही. तपासता." आणि विषय बदलला. त्या टीममध्ये काय झालं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी आलो की मी आधी स्वयंपाकघरातला दिवा लावतो, मग बाहेरच्या खोलीतला. कुकरमध्ये एका माणसाचा भात होत नाही, दोघांचा करावा लागतो, उरलेला सकाळी फोडणीला टाकतो. टेबलावर दुसऱ्यांची हस्तलिखितं असतात. शेजारचे लोक सभ्य आहेत, जिन्यात भेटले की हवेबद्दल बोलतात. या सगळ्यात एखाद्याची माफी मागायला वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. वेळच होता.

पत्र लिहायला मी अनेकदा बसलो. पहिला मसुदा जपून ठेवला आहे. तो असा: "आपणास झालेल्या मनस्तापाबद्दल व मानसिक त्रासाबद्दल मी अत्यंत मनःपूर्वक व अंतःकरणापासून दिलगिरी व्यक्त करतो. माझ्याकडून अनवधानाने, नकळत घडलेल्या या अजाणत्या प्रकाराबद्दल आपण कृपया मोठ्या मनाने उदारपणे क्षमा करावी ही नम्र विनंती."

लिहून झाल्यावर मला ते बरं वाटलं होतं. भरीव वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते कुणा नवलेखकाचं असावं तसं वाचलं.

मनस्तापावर अंगठा ठेवला, मानसिक त्रास उरला. मानसिक त्रासावर ठेवला, मनस्ताप उरला. मनःपूर्वक झाकलं, अंतःकरण उरलं. अंतःकरण झाकलं तर काहीच बिघडलं नाही, कारण ज्याला हृदयापासून वाटतं तो तसं सांगत बसत नाही. अनवधानाने, नकळत, अजाणता: तीन शब्द, अर्थ एक. तिन्ही झाकले आणि वाक्य पहिल्यापेक्षा खरं झालं. नकळत घडलंच नव्हतं ते. मी तीनदा सांगितलं होतं, कारण एकदा सांगून माझंच समाधान होत नव्हतं.

शेवटी उरलं ते इतकंच: "प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करतो." प्रकार कोणता? मी काय केलं होतं? एवढ्या मोठ्या मजकुरात ते कुठेच नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की पुनरुक्तीने वाक्य सैल पडतं. ती कुठून येते हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. निदान माझ्या बाबतीत ती तिथे आली जिथे सांगायची गोष्ट मी टाळली होती. रिकामी जागा दिसू नये म्हणून मी दोनदोन शब्द मांडून ठेवले होते.

मी पत्र फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढच्या रविवारी दुपारी खडकीला गेलो.

बाजारामागच्या एका चारमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर घर. दार त्यांनीच उघडलं. मला ओळखलं. चेहऱ्यावर राग आला नाही, आनंदही नाही.

"या सर. पायऱ्या फार आहेत आमच्याकडे."

भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट. चांगलं भरलेलं. खिडकीजवळच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि त्यावर पेन्सिल. मी बसलो. त्यांनी पाणी आणलं. मी खिशातलं पत्र काढलं आणि परत ठेवलं.

"मी तुमचं वाक्य वाचून लोकांना हसवलं," मी म्हणालो. "आधीची पानं न वाचता. तुम्ही उत्तर दिलंत, त्याच्यावर मी विनोद केला. हे सांगायला आलोय."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "कधी वाचलीत पानं?"

"हस्तलिखित परत पाठवताना."

"म्हणजे सात महिने झाले."

"हो."

"पायऱ्या फार आहेत खऱ्या," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा आला तेव्हा मला वाटलं होतं, बशीत तो चमचा असेल. मी बशीकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"तो नाही. तो कधीच हरवला. चमचाच तो, हरवणार."

मग त्यांनी टेबलावरचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. त्यांनी सबंध पुस्तक पुन्हा लिहून काढलं होतं. पहिल्याच पानावर "आई पहाटे उठायची" असं होतं, एवढंच. "माघारी आली" होतं. पुन्हा गेलं होतं, परत गेलं होतं. मी चारपाच पानं वाचली. ती स्वच्छ, अंगासरशी बसलेली वाक्यं होती, आणि त्यांतली आई आता समोर दिसत होती.

"तुमची ती अंगठ्याची युक्ती चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कचेरीत तेहतीस वर्षं टिपणं लिहिली. तिथे एका शब्दाने भागत नाही. 'योग्य व उचित कार्यवाही' असं लिहिलं की साहेबाला बरं वाटतं. ते हातात बसलं होतं. काढून टाकलं. एकशे अठराची त्र्याण्णव पानं झाली."

मी आकडे बघत पुढे गेलो. मग लक्षात आलं. बंगला होता. दिवाळीची साडी नव्हती. रविवार नव्हते, चहाचा पुडा नव्हता.

"चव्वेचाळीस ते शेहेचाळीस कुठे आहेत?"

"ती काढली."

"ताई, त्या पानांत एकही शब्द जास्तीचा नाही."

"माहितीये मला." पहिल्यांदा त्यांचा आवाज थोडा कडक झाला. "शब्द जास्त होते म्हणून नाही काढली. सर, माझ्या लिहिण्याला हसलात त्याचं मला काही नाही. माझी वाक्यं फुगलेली होतीच, माझा मुलगाही हसतो. पण त्या खोलीत लोक माझ्या आईच्या चमच्याला हसले. आता ती पानं आठवली की मला हसणं ऐकू येतं. ते मी छापून कशाला देऊ?"

मी पानं सारखी करून गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणालो, "मी माफी मागायला आलो होतो."

"मागितलीत की. माझी मागितलीत, माझ्या घरात. तिथे तीस माणसं होती."

"त्यांच्यासमोर मागितली तर?"

"तर मग मी बघेन, हसणं ऐकू येतंय का अजून." त्यांनी कपाटातून जुनं पुडकं काढलं, मीच बांधलेलं, त्याची गाठही सुटलेली नव्हती. म्हणजे नवी प्रत त्यांनी आठवणीतून लिहिली होती. दोरा सोडून त्यांनी तीन पानं बाजूला काढली. "वाचणार असाल तर तिन्ही पानं वाचा. एक वाक्य वाचू नका."

पुढचा दुसरा शनिवार यायला तेरा दिवस होते. त्या तेरा दिवसांत मी पोस्टमास्तर आजोबांना फोन केला, त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाही केला. पुनरुक्तीच्या त्या बैठकीला आलेल्यांपैकी जितक्यांचे नंबर मिळाले तितक्यांना. या शनिवारी जरूर या, म्हणालो. का, ते सांगितलं नाही. माझ्या मुलीलाही मेसेज केला. ती आली नाही, पण तिने विचारलं, "काय आहे शनिवारी?" आणि मी सगळं लिहिलं, लांबलचक. तिने उत्तर पाठवलं, "बोला नीट." मी त्यात काही तपासलं नाही.

त्या दिवशी बावीस माणसं होती. बाई मागच्याच खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर. मी नमुन्यांची वही वर आणली नव्हती. तीन पानं आणली होती. उभा राहिलो आणि वाचली, चव्वेचाळिसाव्याच्या पहिल्या ओळीपासून. "कितीची भेट?" या ठिकाणी कुणीतरी हलकंच हसलं आणि गप्प झालं. "मग यांचं काम कधी करायचं?" याला कुणी हसलं नाही. शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा पोस्टमास्तरांनी चष्मा काढला होता. ज्यांना ओळख पटली त्यांनी माना खाली घातल्या. ज्यांना पटली नाही ते नुसते बघत होते.

पत्र खिशातच होतं. ते काढलं नाही.

मी म्हणालो, "गेल्या वर्षी या खोलीत मी यातलं एक वाक्य वाचलं आणि तुम्हाला हसवलं. ही पानं मी वाचली नव्हती. विकतची भेट कुठे मिळते, असं मी विचारलं. ज्यांनी हे लिहिलं त्या इथेच होत्या. त्या म्हणाल्या, मिळते. मी ऐकलं नाही. त्यावर विनोद केला. ताई, माझं चुकलं."